मावसभावाच्या गोळ्या आणि दीड महिन्यावर आलेलं लग्न

मार्च संपता संपता बेळगावातल्या माझ्या दवाखान्यात आलेल्या एका मुलीचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गाव, नोकरी आणि नात्यांतले काही तपशील बदलले आहेत. औषधं, डोस आणि मधले दिवस मात्र बदललेले नाहीत, कारण सगळा पेच त्या दिवसांच्या हिशेबातच आहे.

मुलगी २३ वर्षांची, वजन ५५ किलो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते आणि खानापूर रोडवरच्या आपल्या गावातून रोज स्कूटीनं ये-जा करते. सोबत आई. लग्न ठरलेलं, मुलगा निपाणीकडचा, मुहूर्त मेच्या पहिल्या आठवड्यातला. तक्रार पिंपल्सची नव्हतीच.

"हिचा चेहरा सोलूलालाय की ओ डॉक्टर," आई म्हणाली. "पत्रिका छापून झाल्यात, आणि हिचं तोंड बघा तुम्ही."

बघितलं. दोन्ही गाल लाल, ताणल्यासारखे चकचकीत, नाकाच्या कडेनं पांढरे पापुद्रे सुटलेले. कपाळ त्या मानानं बरं होतं आणि लाली गालाच्या उंचवट्यांवर आणि नाकाच्या शेंड्यावर सगळ्यात जास्त होती. हेल्मेटच्या पुढच्या पट्टीची सावली जिथपर्यंत पडते तिथपर्यंत त्वचा ठीक आणि तिथून खाली भाजलेली, असा तो नकाशा होता. जबड्याच्या कडेला जुन्या पिंपल्सचे काळपट डाग आणि दोन-तीन बसत आलेल्या गाठी दिसत होत्या. ताजं पिंपल शोधूनही सापडत नव्हतं.

काय लावतेस म्हणून विचारलं तर पर्समधून पिंपल्सवर लावायच्या बेंझॉइल पेरॉक्साइडची पाच टक्क्यांची ट्यूब निघाली, चपटी होत आलेली. मेडिकलमधून स्वतःच आणलेली. सकाळ-संध्याकाळ, सगळ्या चेहऱ्याला, क्रीम लावावं तशी. चेहरा सोलण्याला एवढं कारण पुरेसं होतं, आणि दवाखान्यात गर्दी असेल तर इथेच निदान करून मोकळं होण्याचा मोह होतो.

पण ओठ त्या निदानात बसत नव्हते. दोन्ही ओठ आडवे-उभे चिरलेले, कोपऱ्यांत खपल्या, वर व्हॅसलिनचा थर. नाकपुड्यांच्या आत वाळलेल्या रक्ताची कड होती. हाताच्या मागच्या बाजूला कोरडे, लालसर, खाजरे चट्टे होते. बेंझॉइल पेरॉक्साइड जिथे लावाल तिथेच कोरडं करतं. ते नाकाच्या आत जात नाही आणि हातांवर कोणी लावत नाही. ओठ, नाकाचा आतला भाग आणि हात सगळे एकदम सुकले, तर औषध पोटातून गेलंय असं समजायचं. आयसोट्रेटिनॉइन ही जोरदार पिंपल्ससाठी पोटातून घ्यायची गोळी, आणि ती घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ सुकतात. इतके हमखास, की गोळी घेतोय म्हणणाऱ्या पेशंटचे ओठ मऊ दिसले तर तो ती घेत नसावा अशी शंका आम्हाला येते.

"गोळ्या काही चालू आहेत?"

"नाही," मुलीनं सांगितलं. उत्तर जरा घाईनं आलं.

सिस्टरनं आईंना बीपी बघायच्या निमित्तानं बाहेर नेलं. ही माझ्याकडची नेहमीची पद्धत आहे. आईचं बीपी बघून होतं आणि पोरीला दहा मिनिटं मिळतात. दार लागल्यावर डब्याच्या पिशवीतून स्ट्रिप बाहेर आली. वीस मिलिग्रॅमच्या मऊ कॅप्सूल, कात्रीनं कापलेली स्ट्रिप, सहा शिल्लक. एका कडेला औषधाचं अर्धं नाव, दुसऱ्या कडेला इंग्रजी सूचनेच्या दोन ओळी, त्याही मध्येच तुटलेल्या.

गोळी कुठून आली

गोळी मूळची तिच्या मावसभावाची. तो चंदगड तालुक्यातला, वजन ७४ किलो, पाठीवर आणि छातीवर मोठाल्या गाठींचं ॲक्ने. त्याला कोल्हापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी रीतसर लिहून दिलेली. रक्ततपासणी झालेली, डोस वजनाला धरून, सगळं बरोबर. तीन-चार महिन्यांत त्याचा चेहरा लख्ख झालेला घरादारानं बघितला. ओठ फुटतात म्हणून त्यानं गोळ्या मध्येच सोडल्या आणि उरलेल्या स्ट्रिपा बहिणीला देऊन टाकल्या. "ताई, लग्नाआधी घे, एकदम क्लीन होतंय." त्या संपल्यावर तिनं रिकामी स्ट्रिप एका मेडिकलमध्ये दाखवली आणि पुढच्या सुट्या गोळ्या घेतल्या. रोज एक, साधारण सत्तर दिवस झाले होते.

यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, आणि धोका तिथेच होता. भावाच्या डॉक्टरांनी त्याला गर्भधारणेबद्दल फारसं काही सांगितलं नसणार, कारण पुरुषाच्या बाबतीत तो प्रश्न जवळपास नसतो. औषध घेणाऱ्या पुरुषाच्या वीर्यातून बाळाला अपाय व्हावा एवढं औषध जात नाही. त्यामुळे जी एक सूचना बाईसाठी सगळ्यात महत्त्वाची, ती या घरात कधी बोललीच गेली नव्हती. छापील सूचना खोक्यावर असते, आणि खोकं दुकानातच राहतं. आपल्याकडे स्ट्रिप कापून देण्याची रीत आहे. कोणत्या कोपऱ्यावरची ओळ गिऱ्हाइकाच्या हातात जाईल हे कात्री ठरवते.

आईपासून का लपवलं, हेही विचारलं. लग्न ठरलेल्या पोरीला कसली गोळी चालू आहे, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून. सीमाभागात सोयरीक दोन-दोन राज्यांतल्या पाहुण्यांपर्यंत पोचलेली असते आणि बातमी पत्रिकेच्या आधी जाते. तिची भीती अगदीच खोटी नव्हती.

सहा महिने की एक महिना

आयसोट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व 'अ'च्या घराण्यातलं औषध. अमेरिकेत १९८२ साली ते बाजारात आलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्यानं गर्भाला काय होतं हे स्पष्ट झालं. गरोदरपणाच्या सुरुवातीला ते पोटात असेल तर साधारण चार-पाच बाळांमागे एकाला, काही नोंदींप्रमाणे त्याहूनही जास्त बाळांना, मोठं व्यंग येतं. कान नसणं किंवा अगदी लहान असणं, चेहऱ्याची घडण, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मेंदू. गर्भपाताचं प्रमाणही वाढतं. ही जागांची यादी वरवर विस्कळीत वाटते, पण तिचं कारण एकच आहे. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत पाठीच्या कण्याच्या रेषेजवळून काही पेशी निघतात आणि चेहरा, कान, हृदयाच्या वाहिन्या इकडे सरकत जाऊन तिथलं बांधकाम करतात. 'अ' जीवनसत्त्वाचा इशारा त्यांना वाट दाखवतो. बाहेरून आलेला हाच इशारा जोरात वाजत राहिला की पेशी वाट चुकतात.

हे घडतं ते गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमाराला. पाळी चुकली हे बाईच्या लक्षात यायचा काळ आणि नुकसान सुरू होण्याचा काळ जवळजवळ एकच. म्हणून 'दिवस गेले तर गोळी बंद करू' हा बेत इथे चालत नाही. आणि 'थोडीशीच घेतली' याचाही आधार नाही, कारण गर्भासाठी सुरक्षित म्हणता येईल असा कमीत कमी डोस ठरलेला नाही.

हे तिला सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो योग्यच होता: "मग आता बंद केली तर किती दिवसांनी चालेल?"

भारतातल्या खोक्यावरची सूचना सांगते की हे औषध गरोदर असणाऱ्या किंवा होण्याची शक्यता असणाऱ्या बाईनं घेऊ नये, आणि औषध चालू असताना व बंद केल्यावर सहा महिने गर्भधारणा टाळावी. अमेरिका-युरोपातल्या माहितीपत्रकांत हीच मुदत एक महिना आहे. इंटरनेटवर दोन्ही आकडे सापडतात, आणि लोक आपल्याला सोयीचा तो उचलतात.

औषधाचा शरीरातला हिशेब असा आहे. आयसोट्रेटिनॉइनचं रक्तातलं प्रमाण साधारण एका दिवसात निम्म्यावर येतं, त्यापासून तयार होणाऱ्या मुख्य पदार्थाचंही जवळपास तसंच. शेवटच्या गोळीनंतर सुमारे दोन आठवड्यांत रक्तातली पातळी गोळी न घेणाऱ्या माणसाइतकी होते. वर एक पाळी जाऊ द्यायची म्हणून महिना. सहा महिन्यांत सावधगिरीची जादा भर आहे. याच घराण्यातलं असिट्रेटिन हे सोरायसिसचं औषध शरीरात फार रेंगाळू शकतं, त्याला तीन वर्षं थांबावं लागतं. नावं सारखी वाटल्यामुळे लोक दोन्हींची गल्लत करतात आणि मग उगाच वर्षानुवर्षांची धास्ती घेतात.

मी पेशंटला सांगताना भारतातल्या छापील मुदतीप्रमाणे सहा महिनेच सांगतो. इथल्या डॉक्टरनं इथल्या सूचनेपेक्षा कमी सांगू नये, असं माझं मत आहे. पण त्याच बसणीत दुसरी गोष्टही सांगतो: एक महिना उलटून गेल्यावर, समजा तिसऱ्या महिन्यात, दिवस गेले तर घाबरून गर्भ पाडायला धावायचं कारण नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना गोळीची शेवटची तारीख सांगायची आणि नेहमीसारखी तपासणी करायची. ही दुसरी गोष्ट न सांगता नुसते 'सहा महिने' सांगितले तर सूचनेच्या धाकानं नको ते होऊ शकतं.

या मुलीची शेवटची गोळी मार्चअखेरची. लग्न त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. म्हणजे एक महिन्याची मुदत मुहूर्ताआधी जेमतेम पुरी होणार आणि सहा महिन्यांची सप्टेंबरअखेर. मधले पाच महिने नव्या संसाराचे.

चाचणी, गोळी बंद, आणि निपाणीचा फोन

पुढचा प्रश्न तिला एकटीलाच विचारायचा होता आणि तो मी नेहमीच्या सुरात विचारला: शेवटची पाळी कधी आली, आणि गरोदर असण्याची काही शक्यता आहे का. हे औषध घेणाऱ्या प्रत्येक बाईला हे विचारतो, लग्न झालेली असो नसो, कॉलेजची असो नाहीतर चाळिशीची, असंही सांगितलं. ते खरंच आहे. प्रश्न निवडून विचारला की तो आरोप वाटतो. तिनं शक्यता नाही म्हणून सांगितलं. तरी लघवीची चाचणी केली, कारण नियम तसा आहे. चाचणी नकारात्मक आली. महिन्यानं परत करायची, हेही तेव्हाच ठरलं. गोळ्या चालू असताना दर महिन्याला आणि शेवटच्या गोळीनंतर महिन्यानं चाचणी व्हावी लागते. तिची मधल्या सत्तर दिवसांत एकही झालेली नव्हती.

सोबत रक्तही तपासलं. हे औषध काही जणांत ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी वाढवतं आणि यकृताच्या चाचण्या बिघडवतं. तिचे आकडे ठीक होते. अजून एक गोष्ट मुद्दाम विचारली: पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन किंवा त्या जातीचं दुसरं अँटिबायोटिक कोणी दिलंय का? ते आणि आयसोट्रेटिनॉइन एकत्र घेतलं तर मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. डोकं सतत ठणकतं, उलटी होते, नजर धूसर होते. तिला दिलेलं नव्हतं.

मग खरा वाद झाला. गोळी बंद करायला ती तयार होती, पण मनातून नव्हती. "निम्मं गेलंय ओ डॉक्टर, अजून एक महिना घेतली तर लग्नापर्यंत साफ होईल. नंतर आम्ही काळजी घेतो की."

कागदावर हिशेब मांडून दाखवला. या औषधाचा पूर्ण कोर्स साधारणपणे किलोमागे एकूण १२० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. ५५ किलोला ६,६०० मिलिग्रॅम. रोज २० प्रमाणे ३३० दिवस, म्हणजे अकरा महिने. तिच्या पोटात आतापर्यंत गेलेलं १,४००, किलोमागे पंचवीसच्या आसपास. एवढ्यावर थांबवलं तर पिंपल्स परत येण्याची शक्यता बरीच, आणि महिनाभर लांबवलं तरी ते गणित फारसं बदलत नाही. बदलतं ते एवढंच की शेवटची गोळी लग्नाच्या आदल्या आठवड्यात जाते आणि नवा संसार औषध रक्तात असताना सुरू होतो. डोस वाढवून लवकर उरकता येतं, पण ओठांची ही अवस्था वीस मिलिग्रॅमवरची होती. हे औषध लग्नाआधी घ्यायचंच असेल तर दीड वर्ष आधी सुरू करावं लागतं, आणि आमच्याकडे दीड वर्ष आधी लग्न कोणाचं ठरतं?

तिनं सहा कॅप्सूल टेबलावर ठेवल्या.

आईंना आत बोलावलं ते तिच्या परवानगीनं, आणि काय सांगायचं तेही आधी तिच्याशी ठरवून. आईंना गोळीचा राग आला, मग सहा महिन्यांचं ऐकून दुसराच प्रश्न पडला. "वर्षाच्या आत पाळणा हलला नाही तर सासरची माणसं विचारत्यात की." त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. सप्टेंबरनंतर काही अडचण नाही, औषध अंगात साठून राहत नाही आणि पुढच्या बाळंतपणाला त्याचा त्रास नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. तेवढं ऐकल्यावर आईंचा चेहरा सैल झाला.

निपाणीला फोन मुलीनंच लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. मुलगा शांत वाटला. त्यानं एकच विचारलं: "पुढं बाळाला काय होणार नाही ना?" मी आईंना सांगितलेलंच त्यालाही सांगितलं, आणि मधल्या काळात संततीनियमन दोघांचं काम आहे, हेही. आमची स्त्रीरोगतज्ज्ञ सहकारी आहे, तिच्याकडे मुलीला पाठवलं. बीपी ठीक, अर्धशिशी नाही, घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास नाही, म्हणून तिनं दोन हार्मोनची संयुक्त गोळी निवडली आणि लग्नाआधी येणाऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू करायला सांगितली. सोबत निरोध. आयसोट्रेटिनॉइनच्या संदर्भात फक्त प्रोजेस्टेरॉन असलेल्या कमी डोसच्या गोळीवर विसंबत नाहीत, म्हणून ती टाळली. संयुक्त गोळीचा जादा फायदा असा की तीच पिंपल्सलाही मदत करते, विशेषतः जबड्याच्या कडेच्या.

सोललेला चेहरा आणि एप्रिलचं ऊन

आता आईंच्या मूळ तक्रारीकडे. दोन औषधं एकमेकांवर चढली होती. आयसोट्रेटिनॉइननं त्वचेचा वरचा संरक्षक थर पातळ केलेला, आणि त्यावर पाच टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड दिवसातून दोनदा. वर सकाळी नऊचं आणि संध्याकाळी पाचचं खानापूर रोडवरचं ऊन, जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारातलं वेगळंच. दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकांत उन्हापासून जपा असं लिहिलेलं असतं. सनस्क्रीन ती लावत होती, पण वाटाण्याएवढं, तेही सकाळी एकदाच. बेळगावची हवा थंड म्हणून आपल्याकडे उन्हाला कोणी जुमानत नाही. एप्रिलमध्ये ते चुकतं.

सगळं थांबवलं. आठवडाभर साधा सौम्य क्लेन्झर, जाड मॉइश्चरायझर, ओठांना दिवसातून अनेकदा पेट्रोलियम जेली, नाकाच्या आतही रात्री थोडी. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, निघण्याआधी पंधरा मिनिटं, आणि उन्हात असेल तर दर दोन तासांनी. ऑफिसमध्ये ते कोणी करत नाही हे मला माहीत आहे. म्हणून वर सुती ओढणी आणि हेल्मेटला पूर्ण काच. हे दोन्ही ती करेल असं वाटलं, आणि तिनं केलंही.

बेंझॉइल पेरॉक्साइड टाकून द्यायचं नव्हतं. ते चांगलं औषध आहे. पिंपल्सचे जंतू ते ऑक्सिजन सोडून मारतं, त्यामुळे अँटिबायोटिकसारखी जंतूंना त्याची सवय होत नाही. फक्त टक्केवारी वाढवली म्हणून गुण वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. अडीच टक्क्यांचं बहुतेकांना पुरतं. आठवड्यानंतर तेच सुरू केलं, एक दिवसाआड, रात्री, पाच मिनिटं लावून धुऊन टाकायचं. त्वचेनं मान्य केलं की हळूहळू वेळ वाढवायची.

धुवायचं आणखी एक कारण होतं, ते आईंनीच काढलं. घरातल्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर पांढरट डाग पडलेत, दोन टॉवेल खराब झालेत, साबण बदलून बघितला तरी जात नाहीत. जाणारही नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, तो डाग धुऊन निघत नाही. नेसायच्या शालूच्या पदराला किंवा ब्लाऊजच्या गळ्याला लागलं तर तिथेही तेच होणार. लग्नाच्या आठवड्यात ते पूर्ण बंद ठेवायचं ठरलं, त्याचं कारण त्वचेइतकंच साड्याही होत्या.

हळद लावायची का, हा पुढचा प्रश्न. तोवर पापुद्रे गेलेले असतील आणि कुठे चीर नसेल तर लावा, लवकर धुवा, घासू नका. पार्लरच्या यादीवर मात्र मी काट मारली: चेहऱ्याचं वॅक्सिंग नाही, ब्लीच नाही, स्क्रब नाही. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना आणि नंतर काही महिने वॅक्स केसांसोबत कातडीचा वरचा थरही ओढून काढतं. लालभडक पट्टा उठतो आणि सावळ्या त्वचेवर त्याचा डाग महिनोन् महिने राहतो. माहितीपत्रकं इथेही सहा महिने थांबायला सांगतात. वरच्या ओठावरचे केस काढायचेच असतील तर ट्रिमर वापरा म्हटलं. पार्लरवालीला हे पटायला वेळ लागला म्हणे.

भावाची बाजू

मावसभावाला मी बघितलेलं नाही, पण त्याच्यासाठी दोन निरोप पाठवले. एक, उरलेल्या गोळ्या कोणालाही द्यायच्या नाहीत, आणि त्याला परत सुरू करायच्या असतील तर कोल्हापूरच्या त्याच डॉक्टरांकडे जायचं. दुसरा निरोप रक्तदानाचा. आपल्या भागात शिवजयंती वैशाखात, आणि मंडळं रक्तदान शिबिरं घेतात. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना रक्त देता येत नाही, कारण ती बाटली एखाद्या गरोदर बाईला चढू शकते. पुरुषासाठी गर्भाचा धोका नाही असं वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद. त्याच्या गोळ्या बंद होऊन महिने झाले होते म्हणून तो मोकळा होता. पण त्याच्या बहिणीचं नाव गावच्या शिबिराच्या यादीत होतं. शिबिर लग्नाच्या आधीचं, म्हणजे महिन्याच्या अगदी काठावरचं. ते नाव या वर्षी काढायला लावलं.

पुढे

दहा दिवसांनी ओठांच्या चिरा भरल्या होत्या. एप्रिलअखेर केलेली चाचणी नकारात्मक आली. लग्नात चेहरा कसा दिसला हे मी फोटोत बघितलं. जबड्याला दोन पिंपल्स होते, मेकअपखाली लपलेले. जूनमध्ये ते वाढले, अपेक्षेप्रमाणे. तिनं तेव्हा पुन्हा गोळीचं विचारलं. नाही म्हटलं, आणि संयुक्त गोळीसोबत अझेलिक ॲसिडचं क्रीम वाढवलं. गुण येतो, पण हळू. आयसोट्रेटिनॉइनसारखा चमत्कार त्यात नाही, आणि हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती नवऱ्यासोबत आली. संयुक्त गोळी बंद करून मुलाचा विचार करायचा होता. तेव्हा मलमांची यादी पुन्हा तपासली. रात्रीसाठी अडॅपलीन देण्याचा माझा विचार होता, तो सोडला. तेही 'अ' जीवनसत्त्वासारखंच काम करणारं औषध आहे, आणि त्वचेतून फार थोडं आत जात असलं तरी गरोदरपणात टाळतात. अझेलिक ॲसिड चालू ठेवलं. अडीच टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइडही, थोड्या भागावर. त्यातला जेमतेम अंश त्वचेतून आत जातो आणि तोही बेंझोइक ॲसिड होऊन लघवीवाटे निघून जातो, म्हणून गरोदरपणात ते सहसा चालतं. दिवस गेल्याचं कळलं की स्त्रीरोगतज्ज्ञांना दोन्ही ट्यूबा दाखवायला सांगितल्या. आयसोट्रेटिनॉइनची शेवटची तारीख तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून दिली आहे, बाळंतपण बेळगावात होवो किंवा निपाणीला, ती तिथल्या डॉक्टरांसमोर पहिल्यांदा यावी म्हणून.